पालकभेटीनंतर शिक्षकांनी पाठवायचं पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी उत्तरं एकच प्रसंग धरून दिली आहेत. चौथीतली एक मुलगी आहे. तिला गोष्ट ऐकून छान समजते, पण स्वतः वाचताना ती अडखळते. वर्गशिक्षिकेने आई-बाबांना बोलावलं, बोलणं झालं, काही गोष्टी ठरल्या. आता पत्र लिहायचं आहे. तुमच्या वर्गातला प्रश्न गणिताचा, वागणुकीचा किंवा गैरहजेरीचा असला तरी पत्राची बांधणी हीच राहते, फक्त मोजायची गोष्ट बदलते.

समोरासमोर सगळं बोलून झालं आहे. मग पत्र कशाला?

भेटीत तीन माणसं बसली असतील तर तिघांच्या डोक्यात तीन वेगवेगळ्या भेटी राहतात. शिक्षिकेला वाटतं, रोज घरी वाचन घ्यायचं ठरलं. आईला वाटतं, जमेल तसं घ्यायचं ठरलं. बाबांच्या लक्षात राहतं ते एवढंच की मुलगी मागे आहे. महिनाभराने पुन्हा भेटल्यावर पहिली वीस मिनिटं ‘आपलं काय ठरलं होतं’ यातच जातात, आणि त्यात कुणाचा तरी सूर चढतोच.

पालकांच्या बाजूनेही बघा. मुलाच्या अडचणीबद्दल ऐकताना आई-बाप आतून हललेले असतात. वाईट वाटलेलं वाक्य मनात अडकून बसतं आणि त्यानंतरचं अर्धं बोलणं कानावरून जातं. घरी गेल्यावर शांतपणे वाचता येईल असा एक कागद त्यांच्या हाती हवा.

किती दिवसांत पाठवायचं?

दुसऱ्या दिवशी. फार तर तिसऱ्या. त्यापुढे आपल्याच आठवणीत भर पडू लागते आणि भेटीत न ठरलेल्या गोष्टी ‘ठरल्या’ म्हणून कागदावर उतरतात. भेट संपता संपता ठरलेल्या गोष्टी पालकांसमोरच वहीत टिपून मोठ्याने वाचून दाखवल्या, तर पत्र लिहायला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

पत्रात नेमकं काय असावं? एखादा नमुना द्याल का?

हे त्या चौथीतल्या मुलीच्या पालकांना लिहिलेलं पत्र. भेट बुधवारी झाली, पत्र गुरुवारी गेलं.

> आदरणीय पालक,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> बुधवार, 8 जुलै रोजी आपण दोघेही वेळ काढून शाळेत आलात, त्याबद्दल आभार. शेवटची दहा मिनिटे आपली मुलगीही आपल्याबरोबर बसली होती. आपण जे ठरवले ते खाली लिहीत आहे.
>
> सध्याची स्थिती: ती गोष्ट ऐकून नीट समजून घेते आणि स्वतःच्या शब्दांत सांगते. पाठ्यपुस्तकातले, पण तिने आधी न वाचलेले तीन उतारे मी तिच्याकडून एकेक मिनिट वाचून घेतले. मिनिटाला 31, 34 आणि 39 शब्द बरोबर आले. यांतला मधला आकडा, म्हणजे 34, आपण सुरुवात म्हणून धरला आहे. बहुतेक चुका जोडाक्षरांच्या शब्दांवर झाल्या. आपण सांगितलेत की घरी पुस्तक काढले की तिचे पोट दुखू लागते.
>
> शाळेत: शुक्रवार, 10 जुलैपासून दर सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी शाळा भरण्याआधी 15 मिनिटे मी तिच्याबरोबर बसेन. सुमारे 100 शब्दांचा एकच उतारा ती तीन वेळा वाचेल. वर्गात तिला आयत्या वेळी मोठ्याने वाचायला सांगणार नाही. कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी सांगेन.
>
> घरी: आठवड्यातले पाच दिवस, 10 मिनिटे, आई किंवा बाबा तिच्याबरोबर एकत्र मोठ्याने वाचतील. ती अडली तर मनात पाच अंक मोजावेत, मग शब्द सांगून पुढे जावे. झालेल्या दिवशी सोबतच्या तक्त्यावर खूण करावी.
>
> डोळ्यांची तपासणी आपण शनिवार, 25 जुलैपर्यंत करून घ्याल आणि काय सांगितले ते मला कळवाल.
>
> ज्यावर एकमत झाले नाही: जादा शिकवणी लावावी असे बाबांचे मत आहे. सहा आठवडे थांबून पाहावे असे मला वाटते. निर्णय आपला आहे. मधल्या काळात शिकवणी सुरू केलीत तर मला कळवावे.
>
> गुरुवार, 30 जुलै रोजी संध्याकाळी मी आपल्याला फोन करेन. मंगळवार, 18 ऑगस्ट रोजी पुन्हा तसेच तीन उतारे वाचून घेईन. मधला आकडा 42 च्या आसपास यावा अशी अपेक्षा आपण ठेवली आहे. आढाव्यासाठी बुधवार, 19 ऑगस्ट रोजी सकाळी 8.30 वाजता शाळेत भेटू.
>
> माझ्याकडून काही चुकीचे लिहिले गेले असेल किंवा राहून गेले असेल तर सोमवारपर्यंत कळवावे. दुरुस्त करून पुन्हा पाठवेन.
>
> कळावे.
>
> वर्गशिक्षिका

पत्र एका पानात बसतं, ते तसंच राहू द्या. दोन पानांचं पत्र पालक पहिल्या दिवशी वाचतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

‘मुलीकडे विशेष लक्ष दिले जाईल’ असं लिहिलं तर काय बिघडतं?

आढाव्याच्या दिवशी ते तपासता येत नाही, एवढं मोठं बिघडतं. शिक्षिका म्हणणार, मी लक्ष दिलं. आई म्हणणार, आम्हाला तर काही दिसलं नाही. दोघीही मनापासून बोलत असतील आणि तरी हाती काही लागणार नाही.

म्हणून प्रत्येक वाक्य लिहून झालं की त्याला चार प्रश्न विचारा: हे कोण करणार, नेमकं काय करणार, आठवड्यातून किती वेळा करणार, आणि झालं की नाही हे कशावरून कळणार. यांतलं एकही उत्तर सापडलं नाही तर ती अजून इच्छाच आहे, ठरलेली गोष्ट नव्हे. ‘वाचनाचा सराव वाढवावा’ ही इच्छा. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, 15 मिनिटे, एकच उतारा तीन वेळा’ ही ठरलेली गोष्ट.

मराठी पत्रांत कर्मणी प्रयोग फार सोयीचा पडतो. ‘सराव घेतला जाईल’, ‘प्रगती पाहिली जाईल’ असं लिहिलं की कोण घेणार आणि कोण पाहणार हे सांगायची गरजच उरत नाही. ‘मी घेईन’ असं लिहा. ते वाचून पालकांना जो धीर येतो तो ‘शाळेतर्फे प्रयत्न केले जातील’ यातून येत नाही.

सुरुवातीचा आकडा देणं गरजेचं आहे का? पालक घाबरतात.

गरजेचं आहे. आकडा नसेल तर सहा आठवड्यांनी ‘थोडी सुधारणा वाटते’ याच्यापुढे कुणीच जाऊ शकत नाही. पण आकडा एकटा पाठवू नका. तो कसा काढला हे एका वाक्यात सांगा आणि त्याच्याआधी मूल काय चांगलं करतं ते खरं खरं लिहा. या मुलीचं ऐकून समजणं चांगलं आहे. हे वाक्य तिचं मन राखण्यासाठी घातलेलं नाही. अडचण अक्षरं जुळवून शब्द ओळखण्यात आहे, अर्थ समजण्यात नाही, हे त्यातून कळतं आणि पुढचे उपाय त्यावरच उभे आहेत.

तीन उतारे घ्यायचे कारण साधं आहे. एखादा उतारा ओळखीच्या विषयाचा निघतो, एखाद्यात जोडाक्षरांची गर्दी असते. तिघांतला मधला आकडा धरला की एका उताऱ्याचा दोष सगळ्यावर पडत नाही. मोजण्याचा नियमही एकदा ठरवून स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. सोडलेला शब्द चूक धरायचा. तीन सेकंदांच्या आत स्वतः सुधारलेला शब्द बरोबर धरायचा. अडल्यावर आपण सांगितलेला शब्द चूक धरायचा. हा नियम दुसऱ्या वेळी बदलला तर दोन आकडे शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही.

इतर मुलांचे आकडे किंवा वर्गाची सरासरी पत्रात देऊ नये. दुसऱ्या भाषेतल्या वाचनवेगाचे तक्ते तर मुळीच वापरू नयेत. लिपी वेगळी, शब्दांची लांबी वेगळी. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मिनिटाचे शब्द तिथले इथे लागू पडत नाहीत. मुलीची तुलना तिच्याच आधीच्या आकड्याशी करायची.

घरी करायच्या किती गोष्टी सांगाव्यात?

रोजची एकच. डोळ्यांची तपासणी एकदाच करायची असते, म्हणून ती वेगळी चालते.

भेटीत पालक उत्साहाने सगळ्याला ‘हो’ म्हणतात: शुद्धलेखन घेऊ, पाढे घेऊ, वाचन घेऊ, मोबाईल बंद करू. ते सगळं पत्रात उतरवलं की दुसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं, आणि आपल्याला जमलं नाही म्हणून पालक पुढच्या भेटीला यायचं टाळतात. त्यामुळे घरची जी एक गोष्ट राहील ती कशी करायची हे मात्र बारकाईने सांगा. पत्रात ‘पाच अंक मोजावेत’ असं लिहिलं आहे ते यासाठीच. मूल ‘प्रश्न’ या शब्दावर अडलं की मोठ्या माणसाची जीभ थांबत नाही. एक तर लगेच शब्द सांगितला जातो, नाहीतर ‘अगं, काल तर आला होता’ असं बोललं जातं. पहिल्याने मुलीला प्रयत्नाची संधीच मिळत नाही. दुसऱ्याने पोटदुखी वाढते. पाच अंक थांबायचं, नाही आला तर शब्द सांगायचा आणि काही न बोलता पुढे जायचं. हे भेटीतच एकदा पालकांसमोर करून दाखवलं असेल तर पत्रातली ओळ वाचताना त्यांना ते डोळ्यांसमोर दिसतं.

‘डिस्लेक्सिया असावा’ असं लिहावं का?

नाही. निदान करणं हे त्या विषयाच्या तज्ज्ञांचं काम आहे. शिक्षकाने दिसलं ते लिहावं: ‘जोडाक्षरांच्या शब्दांवर थांबते’, ‘ओळ वाचताना खालच्या ओळीवर जाते’, ‘फळ्यावरचं उतरवताना शब्द गाळते’. पुढे तज्ज्ञांकडे जायची वेळ आलीच तर त्यांनाही या नोंदींचाच उपयोग होतो. तपासणी सुचवायची असेल तर भेटीत तोंडी, कारणासह सुचवा आणि पालकांनी मान्य केलं तरच पत्रात घाला. पहिल्यांदाच कागदावर वाचायला मिळावं असं ते नाही.

तसंच ‘आळशी’, ‘लक्ष देत नाही’, ‘घरचं लक्ष कमी पडतं’ हे शब्द. पत्र कपाटात राहतं. कधीतरी ती मुलगी ते स्वतः वाचेल.

पालकांशी मतभेद झाला असेल तर तो लिहायचा की गाळायचा?

लिहायचा. दोन्ही बाजू एकेका वाक्यात, सारख्या सुरात. पालकांचं मत त्यांच्याच शब्दांच्या जवळ ठेवा आणि आपलं मत सिद्ध करायचा प्रयत्न पत्रात करू नका. वरच्या पत्रात शिकवणीचा मुद्दा तसाच उघडा ठेवला आहे, कारण तो भेटीत उघडाच राहिला होता. तो गाळला असता तर आपलं म्हणणं बाजूला सारलं असं बाबांना वाटलं असतं. ‘पालकांना समजावून सांगितले’ असं लिहिलं असतं तर त्याहून वाईट झालं असतं.

आढाव्याची तारीख कशी ठरवायची?

भेटीतच, दिनदर्शिका समोर ठेवून. ‘महिन्याभराने बघू’ म्हणजे कधीच नाही. पत्रात वार, तारीख, वेळ आणि ठिकाण हे चारही लिहा. वार लिहिला की तारखेतली चूक तिथेच पकडली जाते.

वाचनासारख्या गोष्टीत सहा ते आठ आठवडे धरावेत. दोन आठवड्यांत आकडा एका वाईट दिवसानेही खाली-वर होतो. चार महिने थांबलं, तर उपाय लागू पडत नसताना मुलीचे चार महिने वाया जातात. पण नुसते आठवडे मोजून भागत नाही. मोजायचे ते प्रत्यक्ष मिळणारे दिवस. या मुलीचं उदाहरण घ्या. 10 जुलै ते 17 ऑगस्ट या काळात सोमवार, बुधवार, शुक्रवार मिळून 17 दिवस येतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चाचणी परीक्षा आहे, म्हणजे तीन गेले. राहिले 14. चौदा वेळा 15 मिनिटं म्हणजे साडेतीन तास. हा हिशोब आधी केला की 34 वरून एकदम 60 ची अपेक्षा कुणी ठेवत नाही. हिशोब करताना दहाच्या खाली दिवस निघाले तर तारीख पुढे न्या.

आणि पुन्हा मोजणं आढाव्याच्या आदल्या दिवशी करा, त्याच सकाळी नको. आई-बाबा दाराबाहेर बसले आहेत हे माहीत असताना मूल नेहमीसारखं वाचत नाही.

पालकांना वाचता येत नसेल, किंवा ते वेगवेगळे राहत असतील तर?

वाचता येत नसेल तर फोनवर किंवा भेटून पूर्ण पत्र वाचून दाखवा आणि ‘वाचून दाखवले’ अशी तारखेसह नोंद आपल्या प्रतीवर करा. मुलाकडून घरी वाचून घेतलं जाणार नाही एवढी काळजी घ्या. जे मूल वाचताना अडखळतं त्यालाच स्वतःच्या अडखळण्याबद्दलचं पत्र मोठ्याने वाचायला लागणं फार क्रूर आहे. अशा घरात ‘आई वाचन घेईल’ ही पायरीही बदलावी लागते: मुलीने वाचायचं, आईने ऐकायचं आणि शेवटी ‘काय झालं गोष्टीत?’ एवढं विचारायचं.

वेगवेगळे राहणाऱ्या पालकांना, दोघांचाही शाळेशी संपर्क असेल तर, शब्दशः तेच पत्र स्वतंत्रपणे पाठवावं. एकाकडे देऊन ‘त्यांनाही दाखवा’ असं सांगू नये.

पत्र पाठवलं, पण उत्तर आलं नाही.

गप्प राहणं म्हणजे मान्यता असं धरू नका. चार-पाच दिवसांनी एक छोटा फोन करा: ‘पत्र मिळालं का, आणि त्यात काही बदलायचं आहे का?’ सहीसाठी मागे लागू नये. सही मागितली की पालकांना ते हमीपत्र वाटतं. पालकांनी दुरुस्ती सुचवली तर जुन्या पत्रावर खाडाखोड न करता नवीन तारखेचं पत्र पाठवा आणि काय बदललं ते पहिल्याच ओळीत सांगा.

प्रत कुणाकुणाला द्यावी?

मुख्याध्यापकांना आणि मुलीच्या नोंदींच्या फाईलला. इतर विषयशिक्षकांना पूर्ण पत्राची गरज नसते. आयत्या वेळी मोठ्याने वाचायला सांगू नये, एवढं त्यांना सांगितलं की पुरे. पोटदुखीचं, घरच्या मतभेदाचं त्यांना कळायचं कारण नाही. पालकांच्या सामाईक ग्रुपवर यातलं एक अक्षरही जाता कामा नये.

आढाव्याच्या दिवशी या पत्राचं काय करायचं?

पत्र टेबलावर ठेवायचं आणि ओळीने वाचत जायचं. त्या मुलीच्या बाबतीत 19 ऑगस्टला समजा असं दिसलं. शाळेतले 14 पैकी 12 दिवस झाले. घरच्या तक्त्यावर आठवड्याला पाचऐवजी दोनच खुणा. डोळे ठीक. मधला आकडा 34 वरून 38, म्हणजे ठरवलेल्या 42 पेक्षा कमी. चुका मात्र जवळपास सगळ्या जोडाक्षरांवरच राहिल्या. साधे शब्द ती आता थांबल्याशिवाय वाचते. आणि आईने सांगितलं की पोटदुखीची तक्रार गेल्या तीन आठवड्यांत आलेली नाही.

नुसतं 38 बघितलं तर उपाय फसला असं वाटेल. पण पत्रातल्या ओळी समोर असल्या की दिसतं, घरचा अर्ध्याहून जास्त सराव झालेलाच नाही, त्यामुळे उपायाची अजून पूर्ण परीक्षाच झाली नाही. इथे पालकांना ‘का नाही केलंत?’ असं विचारू नये. ‘कोणते दोन दिवस जमले?’ असं विचारावं. समजा उत्तर आलं की शनिवारी आणि रविवारी, बाबा घरी असतात तेव्हा. मग नव्या पत्रात पाचाचे तीन दिवस करावेत: शनिवार, रविवार आणि बाबांना लवकर यायला जमतो तो बुधवार. तीन दिवस नक्की होणारे, कागदावरच्या पाचांपेक्षा जास्त कामाचे. शाळेतल्या 15 मिनिटांतली पहिली पाच जोडाक्षरांच्या शब्दांना द्यावीत, एका वेळी एकाच गटाला: आधी ‘प्रकाश, चक्र, ग्रह’ असे र जोडलेले शब्द, मग ‘सूर्य, पर्वत’ असे रफाराचे. वर्गातल्या वाचनाची सवलत तशीच ठेवावी. शिकवणीचा मुद्दा पुन्हा बोलून घ्यावा.

घरचा आणि शाळेचा सराव ठरल्याप्रमाणे झाला असता आणि तरीही आकडा 34-35 वरच राहिला असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा आणखी सहा आठवडे तेच करत बसायचं नसतं. तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याबद्दल त्याच भेटीत बोलायचं असतं.

नवं पत्र 20 ऑगस्टला जाईल. त्यात सुरुवातीचा आकडा 38 असेल, जुना 34 शेजारी लिहिलेला असेल, आणि पुढचा आढावा बुधवार, 30 सप्टेंबर, सकाळी 8.30.